एकवीसशे नव्व्याण्णवची खोली : कर्जत-खालापूरच्या सहलीचा हिशेब

पावसाळा लागला की मुंब्र्यातल्या आमच्या घरात एकच विषय असतो, कर्जतला कधी जायचे? कल्याणला गाडी बदलली की बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ आणि भिवपुरी मागे टाकत तासाभरात डोंगर खिडकीपाशी येऊन उभे राहतात. कर्जत स्टेशनात पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाट चढण्यासाठी मागून जादा इंजिने जोडतात, ते बघायला मुले फलाटावर अडून बसतात. तिथून खोपोलीची छोटी गाडी पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी एकेक हिरवी स्टेशने घेत खालापूर तालुक्यात उतरते. दूरचा प्रवास नाही, मोठा खर्च नाही, आणि अम्मींच्या गुडघ्यांनाही झेपते.

यंदा मात्र आम्ही सकाळी जाऊन रात्री परत यायचे नाही, दोन रात्री राहायचे असे ठरवले. घरातली सात मोठी माणसे, बारा, नऊ आणि चार वर्षांची तीन मुले. खोल्या बघण्यासाठी आम्ही प्रवासाच्या बुकिंगच्या एका मोठ्या वेबसाइटवर गेलो. पुढे जे घडले त्यात आमचे थोडे पैसे गेले आणि बरेच दिवस गेले. वाचकांपैकी अनेक कुटुंबे सुट्टीत याच वाटेने जातात, म्हणून तो सगळा हिशेब इथे मांडतो आहोत. वेबसाइटचे नाव लिहीत नाही, कारण थोड्याफार फरकाने हा अनुभव कुठेही येऊ शकतो.

पहिल्या पानावरचा दर

'कर्जत' असे टाइप करताच पहिली गंमत झाली. महाराष्ट्रात कर्जत नावाचे दोन तालुके आहेत, एक आपला रायगडातला आणि दुसरा अहिल्यानगर जिल्ह्यातला. यादीत दोन्हीकडच्या जागा दिसत होत्या. जिल्हा निवडल्यावर गोंधळ मिटला, पण रायगडातही वेबसाइटचे 'कर्जत' फार पसरट आहे. नेरळपासून खोपोलीपर्यंत जे काही आहे ते सगळे तिथे कर्जतच. एका जागेखाली 'स्टेशनपासून २ किमी' असे लिहिले होते. ते अंतर नकाशावर सरळ रेघ ओढून मोजलेले. मध्ये उल्हास नदी आहे, पूल लांब आहे, हे त्या रेघेला ठाऊक नाही. दुसऱ्या एका जागेला 'लोणावळ्याजवळ' म्हटले होते. सरळ रेघेत ते खरेही असेल, पण लोणावळा घाटाच्या माथ्यावर आणि ही जागा पायथ्याशी. रिक्षाचे भाडे रेघेवर ठरत नाही, रस्त्यावर ठरते. म्हणून जागा आवडली की आधी नकाशा उघडून स्टेशनपासूनचा गाडीरस्ता मोजायचा, हा पहिला धडा.

नेरळच्या बाजूचा एक बंगला आम्हाला पसंत पडला होता. पैसे भरण्याआधी मोठ्या मुलीने 'घराचे नियम' शेवटपर्यंत वाचले, तेव्हा तळाशी एक ओळ सापडली : आवारात मांसाहार शिजवण्यास व आणण्यास मनाई. मालकाला असा नियम करण्याचा हक्क आहे, पण तो फोटोंच्या खाली, रद्द करण्याच्या अटींच्याही खाली लिहिलेला होता. तीन दिवस दहा माणसे काय खाणार हे ज्या ओळीवर ठरते, ती ओळ दराच्या शेजारी असायला हवी.

शेवटी केळवलीच्या बाजूचे एक छोटे रिसॉर्ट निवडले. दर मोठ्या अक्षरांत : ₹२,१९९. बाजूला ₹४,५०० वर काट मारलेली. तीन खोल्या, दोन रात्री, म्हणजे सहा वेळा २,१९९. आम्ही मनातल्या मनात ₹१३,१९४ धरले आणि अम्मींना सांगूनही टाकले. वर लाल अक्षरांत झळकत होते, 'फक्त २ खोल्या शिल्लक'. आम्हाला तर तीन हव्या होत्या, आणि पुढच्या पानावर तीन मिळाल्याही!

तेरा हजारांचे एकवीस हजार कसे झाले

पुढच्या तीन पानांत हा आकडा कसा वाढला ते क्रमाने सांगतो.

२,१९९ हा आठवड्यातल्या साध्या दिवसाचा दर होता. शुक्रवारची रात्र त्या दरात बसली, शनिवारची खोली मात्र २,७९९ ची निघाली. तीन खोल्यांचे मिळून १,८०० वाढले. दुसरे, दर खोलीमागे दोन माणसांचा होता. सातव्या मोठ्या माणसाचे रात्रीला ९००, बारा आणि नऊ वर्षांच्या मुलांचे प्रत्येकी ६००, चार वर्षांची धाकटी फुकट. दोन रात्रींचे ४,२०० झाले. इथवरची रक्कम १९,१९४.

यावर जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर आहे, त्याआधी तो १२ टक्के होता. आमच्या बिलात ९५९ रुपये ७० पैसे लागले, ते बरोबर होते. काही ठिकाणी जुना टक्का लावल्याचे किंवा 'कर व शुल्क' असा एकच गोळा केलेला आकडा दिसतो. तिथे त्या ओळीवर बोट ठेवून तपशील उघडायचा, कारण कर आणि वेबसाइटचे स्वतःचे शुल्क या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

ते शुल्क पैसे भरण्याच्या पानावर आले. नाव 'कन्व्हिनियन्स फी', म्हणजे सोयीचे शुल्क. १,०५० रुपये आणि त्यावर १८ टक्के कराचे १८९, एकूण १,२३९. त्याखाली दोन चौकोन, ज्यांत बरोबरची खूण आधीच केलेली. प्रवास विम्याचे माणशी ४९ प्रमाणे ४९०, आणि एका धर्मादाय कामासाठी १० रुपये. विम्याची खूण काढली तेव्हा पुढे ओळ आली, 'नको, मी कुटुंबाची जोखीम घेतो'. दान द्यायला आम्ही कधी मागे राहत नाही, पण दान नियतीने दिले जाते, न विचारता खिशातून काढून घेतले जात नाही. दोन्ही खुणा काढल्या.

आता बेरीज बघा. मनात धरलेले १३,१९४. खुणा तशाच ठेवल्या असत्या तर २१,८९२ रुपये ७० पैसे. खुणा काढून आम्ही भरले २१,३९२ रुपये ७० पैसे.

यातला प्रत्येक रुपया फसवणुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. शनिवारी मागणी जास्त, म्हणून दर जास्त. जादा माणसाला गादी लागते. कर सरकारचा. पण दहा माणसे आहेत आणि तारखा कोणत्या, हे आम्ही पहिल्याच पानावर भरले होते. म्हणजे १९,१९४ अधिक कर हा आकडा वेबसाइटला पहिल्याच पानावर दाखवता आला असता. तिला तो ठाऊक होता, आम्हाला नव्हता. दराच्या प्रामाणिकपणाची कसोटी इथे लागते. शेवटची रक्कम किती, यापेक्षा ती कोणत्या पानावर कळते याला महत्त्व आहे. चार पाने पुढे गेल्यावर, मुलांना फोटो दाखवून झाल्यावर, आठ हजारांसाठी मागे फिरायला कोणाचेच मन होत नाही. हिशेब नेमका त्यावर बांधलेला असतो.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत तेरा प्रकार दिले आहेत आणि त्यातली कितीतरी उदाहरणे प्रवासाच्या बुकिंगचीच आहेत. मालाचा पूर्ण दर आधी न सांगता थेंबाथेंबाने वाढवणे हा एक प्रकार. न विचारता टोपलीत विमा किंवा दान टाकणे हा दुसरा. 'दोनच खोल्या शिल्लक' अशी खोटी घाई लावणे तिसरा, आणि विमा नाकारणाऱ्याला लाजवणे हा चौथा. आमच्या एका बुकिंगमध्ये चारांचीही चव मिळाली. आधीच खूण केलेल्या चौकोनाला ग्राहकाची संमती मानता येत नाही, हे तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतही स्पष्ट लिहिलेले आहे.

हिरव्या अक्षरांतले 'मोफत रद्द'

आता या सहलीतला खरा प्रसंग. जायचा शुक्रवार तीन दिवसांवर आला आणि मंगळवारी संध्याकाळी रायगडसाठी अतिवृष्टीचा इशारा आला. धबधब्यांवर आणि धरणांवर जायला प्रशासनाने बंदी घातली. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती. ज्या डोंगररांगेखाली ते घडले, तिच्याच आसपास म्हातारी आणि लेकरे घेऊन जायचे का? अम्मी एवढेच म्हणाल्या, "पैसे गेले तर गेले, पोरं घरात असू द्या." विषय संपला.

बुकिंग करताना आम्ही हिरव्या अक्षरांतले 'मोफत रद्द' वाचून निर्धास्त झालो होतो. आता बारीक अक्षरे वाचली. सात दिवस आधीपर्यंत रद्द केल्यास पूर्ण पैसे परत. सात दिवसांपासून ७२ तासांपर्यंत निम्मे. ७२ तासांच्या आत काहीच नाही. हे तास आपल्या पोहोचण्याच्या वेळेपासून मोजत नाहीत. खोली ताब्यात देण्याची जी वेळ हॉटेलने ठरवलेली असते, ती धरतात. आमची वेळ शुक्रवारी दुपारी एकची. म्हणजे मुदत मंगळवारी दुपारी एकला संपली होती आणि इशारा आला संध्याकाळी.

बुधवारी सकाळी रद्द करण्याचे पान उघडले तर समोर आकडा : परतावा ₹०. धाकट्या भावाचे बोट बटणावर होते, मोठ्या वहिनींनी ते थांबवले. त्या एका कार्यालयात हिशेबाचे काम बघतात. त्यांचे म्हणणे असे : आपण आता रद्द केले तर नियमाप्रमाणे व्यवहार बंद होईल. आधी हॉटेलकडून 'आम्ही पैसे सोडतो' असे लेखी घेऊ, ते वेबसाइटने मान्य केले की मगच बटण दाबू. हा सल्ला आमच्या वीस हजारांना पुरला.

यामागची व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. रद्द करण्याची अट बहुतेक वेळा हॉटेल ठरवते, वेबसाइट ती दाखवते. पैसे मात्र वेबसाइटकडे भरलेले असतात. त्यामुळे हॉटेलने आपखुशीने सूट द्यायची ठरवली तरी ती वेबसाइटच्या दप्तरात नोंदवावी लागते. नुसत्या फोनवरच्या 'हो'ला तिथे किंमत नसते.

आम्ही रिसॉर्टच्या व्यवस्थापकांना फोन केला. माणूस भला होता. म्हणाला, "दादा, इकडे नदी भरून वाहते आहे. तुम्ही येऊच नका. आमच्याकडून पूर्ण पैसे सोडले." तेच त्याच्याकडून बुकिंग क्रमांकासह ई-मेलवर लिहून घेतले आणि वेबसाइटला पाठवले.

तीन फोन

ग्राहक सेवेचा क्रमांक आम्ही इंटरनेटवर शोधला नाही, अॅपमधूनच घेतला. शोधून मिळणाऱ्या क्रमांकांत ठगांनी टाकलेले बनावट क्रमांक असतात. पैसे परत देतो म्हणून ते यूपीआयचा पिन विचारतात किंवा मोबाइलचा ताबा देणारे अॅप टाकायला लावतात. पैसे परत यायला पिन कधीच लागत नाही, एवढे घरातल्या प्रत्येकाने पाठ करावे.

पहिल्या फोनला माणूस मिळायला बावीस मिनिटे लागली. मुलगा नम्र होता. 'हॉटेलशी बोलून कळवतो' म्हणाला आणि तक्रार क्रमांक दिला. संध्याकाळी संदेश आला : हॉटेलने सूट नाकारली आहे. आम्ही व्यवस्थापकांना विचारले, तर त्यांना कोणाचा फोनच आला नव्हता. आता कोणावर विश्वास ठेवायचा? घरात दोन तट पडले. कोणी म्हणे हॉटेलवाला गोड बोलून टाळतो आहे, कोणी म्हणे वेबसाइट खोटे बोलते आहे.

गुरुवारी दुसरा फोन केला. बाई म्हणाल्या, नोंद 'नकार' अशीच आहे. तेव्हा तिसऱ्या फोनच्या वेळी आम्ही व्यवस्थापकांनाही त्याच फोनवर जोडून घेतले आणि तिघांचे बोलणे एकत्र झाले. उलगडा दोन मिनिटांत झाला. वेबसाइटच्या दप्तरात रिसॉर्टचा जुना क्रमांक होता. तो लागत नव्हता. ठराविक वेळा फोन लागला नाही की तिथे 'प्रतिसाद नाही' अशी नोंद होते, आणि ग्राहकाला जाणारा तयार संदेश मात्र 'नकार' असा असतो. खोटे कोणीच बोलत नव्हते, तरी आमच्यापर्यंत पोहोचले ते खोटेच होते. गुरुवारी दुपारी मंजुरी नोंदली गेली आणि पानावरचा आकडा शून्यावरून २०,१५३ रुपये ७० पैसे झाला. सोयीचे १,२३९ रुपये परत मिळणार नव्हते. सोय झाली नाही, शुल्क राहिले.

आनंदात भावाने बटण दाबले, आणि एक चूक झाली. शेवटच्या पानावर दोन पर्याय होते. 'वॉलेटमध्ये, लगेच' आणि 'मूळ खात्यात, ७ ते १० कामाचे दिवस'. पहिल्यावर खूण आधीच होती. पैसे त्या वेबसाइटच्या वॉलेटमध्ये जाऊन पडले, मुदत सहा महिने, वापर फक्त तिथल्याच पुढच्या बुकिंगला. म्हणजे परत मिळाले आणि मिळाले नाहीतही.

आम्ही वेबसाइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिले. ई-कॉमर्स नियमांप्रमाणे अशा कंपनीला हा अधिकारी नेमून त्याचे नाव आणि संपर्क जाहीर करावे लागतात. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवाडा द्यायचा असतो. पोच तिसऱ्या दिवशी आली, उत्तर आले नाही. सोळाव्या दिवशी आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. मराठीत बोलता आले. भरलेल्या पैशांची पावती, हॉटेलचे ई-मेल आणि वॉलेटच्या पानाचा फोटो जोडला. तेविसाव्या दिवशी पैसे बँकेत आले. मधल्या काळात वेबसाइट 'आम्ही पाठवले' आणि बँक 'आले नाहीत' असेही एकदा झाले. तेव्हा वेबसाइटकडून व्यवहाराचा संदर्भ क्रमांक मागून घेतला. तो दिल्यावर बँकेला रक्कम कुठे अडकली ते शोधता येते. त्याशिवाय आपण नुसते दोन खिडक्यांमध्ये फिरत राहतो.

तेवीस दिवस ज्यांना फार वाटतील त्यांच्यासाठी एक सरकारी दप्तरातले प्रकरण. २०२० च्या टाळेबंदीत विमाने बंद झाली आणि लाखो तिकिटे रद्द झाली. त्या वर्षी १ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने परताव्याबाबत निर्देश दिले. तरी 'यात्रा' या बुकिंग कंपनीकडे २०२१ साली ३६,२७६ बुकिंगचे २६ कोटींहून अधिक रुपये परत करायचे बाकी होते. ग्राहक प्राधिकरण मागे लागल्यावर जून २०२४ पर्यंत ते ४,८३७ बुकिंग आणि सुमारे अडीच कोटींवर आले. २७ जून २०२४ च्या आदेशात उरलेल्या प्रवाशांना फोन करून पैसे कसे मिळतील ते सांगण्यासाठी हेल्पलाइनमध्ये पाच माणसे खास बसवायला कंपनीला सांगण्यात आले. पैसे विमान कंपनीचे की बुकिंग कंपनीचे, या वादात प्रवासी चार वर्षे थांबले. आमचे भांडणही मुळात तेच होते, आकार तेवढा लहान.

हेल्पलाइनने काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे अलिबागला खेटे घालायची गरज नाही. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही.

थेट फोनचा दर

पाऊस ओसरल्यावर आम्ही त्याच व्यवस्थापकांना फोन लावला. तेच रिसॉर्ट, तीन खोल्या, शुक्रवार-शनिवार. त्यांनी शुक्रवारचे २,२०० आणि शनिवारचे २,८०० सांगितले, म्हणजे दर तोच. फरक पुढे पडला. दहा वर्षांखालच्या मुलांचे काही नाही, अम्मींच्या गादीचे आणि मोठ्या मुलीचे रात्रीला पाचशे-पाचशे. एकूण १७,००० आणि कराचे ८५०. १७,८५० रुपयांत सगळे झाले. वेबसाइटवर भरलेल्या रकमेपेक्षा ३,५४२ रुपये ७० पैसे कमी.

हॉटेलला हे परवडते, कारण वेबसाइटला द्यावे लागणारे कमिशन वाचते. मग खोलीचा मूळ दर दोन्हीकडे सारखाच का असतो? बऱ्याच काळापासून वेबसाइटच्या करारांत अट असे, की हॉटेलने इतरत्र कमी दर लावायचा नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला अशा अटींसह इतर कारणांवरून २२३ कोटी ४८ लाखांचा दंड केला आणि त्या अटी बदलायला सांगितल्या. त्याविरुद्ध अपीलही झाले. पण छोट्या जागा अजूनही बहुधा दर तोच सांगतात आणि गादी, नाश्ता, मुले यांत सूट देतात. म्हणून थेट फोनवर 'दर कमी करा' म्हणण्यापेक्षा 'दहा माणसांचे सगळे मिळून किती' असे विचारावे.

अगदी लहान घरगुती जागेबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्या मालकाला जीएसटीची नोंदणी लागत नाही, म्हणून थेट गेल्यास तो कर लावत नाही. तीच खोली वेबसाइटवरून घेतली तर कर भरण्याची जबाबदारी कायद्याने वेबसाइटवर येते आणि तो आपल्या बिलात दिसतो. या फरकाला लबाडी म्हणता येणार नाही.

थेट बुकिंगलाही धोका आहे. बंगल्याचे चोरलेले फोटो टाकून आगाऊ रक्कम घेणारे आणि नंतर फोन बंद करणारे ठग सुट्टीच्या दिवसांत सर्वत्र असतात. आम्ही दोन गोष्टी केल्या. व्यवस्थापकांना व्हिडिओ कॉलवर फाटकापासून खोलीपर्यंत चालत जागा दाखवायला सांगितली. आणि पैसे पाठवताना पडद्यावर येणारे नाव रिसॉर्टच्या बिलावरच्या नावाशी जुळते का ते पाहिले. आगाऊ फक्त तीन हजार दिले, आणि रद्द झाल्यास काय, ते संदेशावर लिहून घेतले.

आमचा निवाडा

त्या वेबसाइटला आम्ही वाईट म्हणून निकालात काढणार नाही. तिच्याशिवाय केळवलीच्या बाजूची ही जागा आम्हाला सापडलीच नसती. पाहुण्यांनी लिहिलेले अभिप्राय कामाचे होते आणि पैसे भरल्याची पावती पक्की होती, तिच्याच जोरावर पुढे भांडता आले. दराच्या बाबतीत मात्र ती उशिरा खरे बोलते. शुल्क लपवत नाही, पण शेवटच्या पानापर्यंत दाबून ठेवते. रद्द करण्याच्या अटी लिहिलेल्या आहेत, हिरवी अक्षरे मोठी आणि खरी अट बारीक. आणि ग्राहक सेवेतली माणसे सौजन्याने वागली, फक्त समोरच्या पडद्यावरची नोंद खरी आहे का हे तपासण्याची मुभा त्यांना नव्हती.

पुढच्या वेळी आम्ही असे करू : जागा वेबसाइटवर शोधू, पैसे भरण्याच्या पानापर्यंत जाऊ, अंतिम रक्कम आणि 'मोफत रद्द'ची तारीख-वेळ यांचा फोटो काढून ठेवू, आणि मग थेट फोन करू. पावसाळ्यात जायचे असेल तर थोडे जास्त पैसे देऊन उशिरापर्यंत रद्द करता येणारा दर घेऊ. घाटाच्या पायथ्याशी पावसाचा इशारा आठ दिवस आधी येत नाही.

त्या शुक्रवारी आम्ही जुम्मा आटोपून निघालो आणि अस्राच्या सुमाराला कर्जतला उतरलो. भाताच्या लोंब्या भरल्या होत्या. शनिवारी खोपोलीच्या बाजारातून चिकन आणले आणि रिसॉर्टच्या मागच्या चुलीवर वहिनींनी ते शिजवले. आधी विचारून घेतले होते. परतताना पाताळगंगा पाहिली. १९१५ पासून खोपोलीच्या वीजघरात घाटावरून येणारे पाणी जनित्रे फिरवून याच नदीत उतरते, म्हणून पावसाळा सरला तरी ती वाहती असते. अम्मी काठावर बसून पाय भिजवत होत्या. निघताना बिल आले तेव्हा त्यांनी चष्मा लावून ते स्वतः वाचले. सतरा हजार आठशे पन्नास. फोनवर सांगितले होते तेवढेच. घडी घालून त्यांनी ते आपल्या पिशवीत ठेवले.